24 बॅटरी सेन्सर, 3 बीएचके, मिवान भिंती: झिगबी घ्यावं की वाय-फाय? रिपीटर कुठे लावावेत?

अनघा_बावधन

नमस्कार. बावधनला आमचा नवीन 3 बीएचके आहे, आठवा मजला, 1,080 चौरस फूट कार्पेट. इमारत मिवानची आहे, म्हणजे आतल्या भिंतीसुद्धा काँक्रीटच्या. गेल्या पावसाळ्यात बेडरूमची खिडकी उघडी राहिली आणि गादीपर्यंत पाणी आलं. तेव्हापासून खिडक्यांना सेन्सर लावायचं डोक्यात आहे. यादी करत गेले तशी वाढत गेली: खिडक्या 9, मुख्य दार आणि ड्राय बाल्कनीचं दार, हालचाल ओळखणारे 5, पाणी गळतीचे 4, तापमान-आर्द्रतेचे 4. एकूण 24, आणि सगळे बॅटरीवर, कारण भिंत फोडून वायर ओढायची नाही.

फायबरचा राउटर मुख्य दाराशेजारी आहे, बिल्डरने दिलेल्या लोखंडी खोक्यात. होम असिस्टंटसाठी छोटा पीसी हॉलमध्ये टीव्हीखाली ठेवला आहे. वाय-फायचे सेन्सर घेतले तर वेगळं काही विकत घ्यावं लागत नाही असं दुकानदार सांगतो. झिगबी, म्हणजे सेन्सरसाठीचं कमी विजेवर चालणारं वेगळं वायरलेस जाळं, घेतलं तर त्याचं मुख्य केंद्र म्हणजे को-ऑर्डिनेटर, आणि निरोप पुढे नेणारे रिपीटर आले. अजून एकही सेन्सर घेतलेला नाही, म्हणून आधी विचारते आहे.

ईएसपीप्रेमी

वाय-फाय घ्या, डोळे झाकून. बॅटरी लवकर संपते ही जुनी समजूत आहे. ईएसपी8266 ही वाय-फायची चिप डीप स्लीपमध्ये 20 मायक्रोअँपच्या आसपास खाते. काम असेल तेव्हाच उठते, निरोप पाठवते आणि झोपते. माझ्या गच्चीतल्या कुंड्यांचे ओलाव्याचे सेन्सर असेच चालतात आणि सेल महिनोन् महिने पुरतात. को-ऑर्डिनेटर म्हणजे बिघडायला आणखी एक वस्तू.

केबलकाका_सहकारनगर

अनघाताई, आमच्याकडेही मागच्या खोलीत रेंज येत नव्हती. राउटरच्या जोडीला वाय-फाय रिपीटर लावला, आता मोबाइल छान चालतो. तुम्हीही मधल्या खोलीत एक लावून टाका, मग कुठलाही सेन्सर चालेल.

रेडिओ_मंदार

काका, तुमचा उपाय मोबाइलसाठी बरोबर आहे, पण वाय-फायचा रिपीटर झिगबीचा निरोप पुढे नेत नाही. दोन्ही 2.4 गिगाहर्ट्झवर बोलतात, पण भाषा वेगळी. झिगबीला झिगबीचाच रिपीटर लागतो. उलट मधल्या खोलीत आणखी एक वाय-फाय प्रक्षेपक आला की झिगबीला तेवढा गोंगाट वाढतो.

ईएसपीप्रेमी, डीप स्लीपचा तुमचा आकडा बरोबर आहे, पण बॅटरी झोपण्यात जात नाही, उठण्यात जाते. वाय-फायचा सेन्सर प्रत्येक वेळी उठला की राउटरशी ओळख पटवतो, पत्ता मागतो, मग निरोप पाठवतो. याला साधारण 4 सेकंद धरा आणि त्या काळात सरासरी 80 मिलीअँप. तापमानाचा सेन्सर दर 10 मिनिटांनी उठला तर दिवसाला 144 वेळा, म्हणजे 576 सेकंद, म्हणजे जवळपास 13 मिलीअँप-तास. दोन एएए अल्कलाइन सेलमधून 1,000 मिलीअँप-तास मिळाले असं उदारपणे धरलं तरी अडीच महिने. तुमच्या कुंड्या तासातून एकदा बोलत असतील, म्हणून पुरतं. स्थिर आयपी दिला आणि राउटरचा चॅनेल लक्षात ठेवायला लावला तर हे 4 सेकंद बरेच कमी होतात, पण ते स्वतः प्रोग्राम लिहिणाऱ्याला जमतं. दुकानातल्या तयार सेन्सरमध्ये ती सोय सहसा नसते.

झिगबीचा सेन्सर जागा होतो, काही मिलीसेकंदांत निरोप टाकतो आणि झोपतो. शेजारचा रिपीटर त्याचा पालक असतो. सेन्सर झोपलेला असताना त्याच्यासाठी आलेला निरोप हा पालक थोडा वेळ सांभाळून ठेवतो. त्यामुळे बटणसेलवर वर्ष-दोन वर्षं चालणं साहजिक आहे. वाय-फायला बटणसेल चालतच नाही, कारण प्रक्षेपणाच्या क्षणी लागणारा प्रवाह तो सेल देऊ शकत नाही.

24 सेन्सरसाठी माझं मत स्पष्ट आहे: बॅटरीवरचं सगळं झिगबी, आणि जे कायम विजेवर आहे, म्हणजे कॅमेरा किंवा गिझरचा स्विच, ते वाय-फायवर खुशाल ठेवा. 24 वाय-फाय सेन्सर म्हणजे दर दोन-अडीच महिन्यांनी सेलचा फेरा, आणि इंटरनेट कंपनी बदलून राउटर बदलला की 24 ठिकाणी पुन्हा पासवर्ड. नव्या राउटरला जुनंच नाव आणि पासवर्ड दिला तर ते टळतं, पण ते आठवणीने करावं लागतं.

ईएसपीप्रेमी

हिशोब मान्य, 10 मिनिटांचा विचार मी केला नव्हता. पण खिडकीचा सेन्सर दिवसातून दोन-चार वेळाच उठतो. तिथे वाय-फाय काय वाईट?

रेडिओ_मंदार

खिडकीला सेल पुरेल, हे खरं. अडचण दुसरी आहे. काँक्रीटच्या भिंतीमागे सिग्नल कमजोर असेल तर राउटरशी जोडणी पहिल्या प्रयत्नात होत नाही आणि तेच 4 सेकंद 15-20 होतात. शिवाय अनघाताईंचा राउटर लोखंडी खोक्यात आहे. झाकण बंद केल्यावर मागच्या बेडरूममध्ये काय उरतं ते मोबाइलवर बघा.

अनघा_बावधन

पाहिलं. खोक्याचं झाकण लावलं की शेवटच्या बेडरूममध्ये एक काडी, कधी तीही नाही. म्हणजे झिगबी ठरलं. आता को-ऑर्डिनेटर कुठे? पीसीच्या मागे यूएसबीला डोंगल लावून मोकळं व्हावं असा विचार होता.

रेडिओ_मंदार

पीसीला चिकटून नको. यूएसबी 3 चे पोर्ट आणि त्यांना लावलेल्या हार्ड डिस्क 2.4 गिगाहर्ट्झमध्येच गोंगाट करतात. इंटेलने 2012 मध्ये यावर सविस्तर कागद काढला होता. डोंगल घ्यायचा असेल तर यूएसबी 2 च्या पोर्टला लावा आणि दीड-दोन मीटरची एक्स्टेन्शन केबल जोडून टीव्ही, पीसी, राउटर सगळ्यांपासून लांब न्या. एवढ्या केबलनेच अनेकांचे अर्धे त्रास मिटतात.

तुमच्याकडे मात्र त्याहून चांगली सोय असू शकते. बिल्डरने हॉलमधून पॅसेजकडे लॅनची नळी टाकली आहे का बघा. असेल तर इथरनेटवर चालणारा को-ऑर्डिनेटर घ्या आणि तो पॅसेजमध्ये, छताजवळ, घराच्या मध्यावर लावा. पीसी हॉलमध्येच राहील. को-ऑर्डिनेटर आणि पीसी यांच्यातलं बोलणं वायरवरच ठेवा. काही को-ऑर्डिनेटर वाय-फायवरूनही पीसीशी जोडता येतात, पण तो दुवा क्षणभर हलला तरी अख्खं जाळं अडखळतं.

शर्वरी_डी

यात एक प्रश्न. ज्या को-ऑर्डिनेटरला मोठा अँटेना आणि 20 डीबीएम पॉवर आहे तो घेतला तर रिपीटरची गरजच काय? 1,080 फुटांचं तर घर.

रेडिओ_मंदार

कारण सेन्सरने उत्तर द्यायला हवं. को-ऑर्डिनेटर कितीही मोठ्याने ओरडला तरी बटणसेलवरचा सेन्सर हळूच बोलणार, आणि दोन काँक्रीट भिंतींपलीकडून ते को-ऑर्डिनेटरला ऐकू यायला हवं. पॉवर वाढवून एकच बाजू सुधारते. नऊ इंची विटांच्या जुन्या फ्लॅटमध्ये मध्यावरच्या एका को-ऑर्डिनेटरवर भागून जाईलही. मिवानमध्ये प्रत्येक भिंतीत सळ्यांची जाळी आहे, तिथे खोलीगणिक एक रिपीटर हे मी गृहीत धरतो.

दुसरं म्हणजे जागा. को-ऑर्डिनेटरला थेट जोडलेली मुलं मर्यादित असतात. चिप आणि फर्मवेअरप्रमाणे 32, 50 असे आकडे असतात, जुन्या स्वस्त डोंगलला त्याहून बरेच कमी. तुमच्या 24 ला ते अडत नाही. पुढे 40 झाले तर अडू शकेल, आणि रिपीटर असले की ती मुलं त्यांच्याकडे वाटली जातात.

स्वप्नील_वाकड

अनघाताई, रिपीटर विकत घ्यायच्या आधी हे वाचा. माझ्याकडे 19 सेन्सर आणि 4 झिगबी प्लग. सगळं छान चाललं होतं. आमच्याकडे गुरुवारी देखभालीसाठी वीज जाते. इन्व्हर्टरवर पीसी, राउटर, को-ऑर्डिनेटर होते, म्हणून मी निर्धास्त. पण प्लग लावले होते एसी आणि वॉशिंग मशीनच्या सॉकेटला, आणि ते इन्व्हर्टरवर नसतात. वीज गेली की को-ऑर्डिनेटर जागा, पण चारही रिपीटर मेलेले. मागच्या खोल्यांतले सेन्सर पालक शोधत बसले. वीज आल्यावर बरेचसे आपोआप परतले, पण एका ब्रँडचे काही सेन्सर बटण दाबेपर्यंत आलेच नाहीत. आणि ज्यांना को-ऑर्डिनेटर ऐकू येत नव्हता त्यांची बॅटरी नेहमीपेक्षा लवकर गेली.

रेडिओ_मंदार

हा मुद्दा माझ्याकडून राहिला होता आणि सगळ्यात महत्त्वाचा हाच आहे. पालक गायब झाला की सेन्सर शोध घेतो. शोध म्हणजे रेडिओ चालू, म्हणजे बॅटरी खर्च. म्हणून माझा नियम: ज्या सॉकेटला इन्व्हर्टर नाही तिथे रिपीटर नाही.

अनघाताई, आपल्याकडे इलेक्ट्रिशियन सहसा दिवे, पंखे आणि त्याच बोर्डावरचा 6 अँपचा सॉकेट इन्व्हर्टरवर घेतात, 16 अँपचे सोडतात. पण प्रत्येक घरात वेगळं असतं. मेन एमसीबी पाडा, इन्व्हर्टर चालू झाला की मोबाइल चार्जर घेऊन प्रत्येक सॉकेट तपासा आणि जिथे चार्ज होतं तिथे खडूने खूण करा. इन्व्हर्टरवर यूपीएस मोडचं बटण असेल तर ते चालू ठेवा. साध्या मोडमध्ये वीज बदलताना क्षणभर जास्त खंड पडतो आणि छोटा पीसी रीस्टार्ट होऊ शकतो.

झिगबी बल्ब रिपीटर म्हणून धरू नका. भिंतीवरचं बटण कोणीतरी बंद करतं आणि पुन्हा तीच गत. भिंतीतले झिगबी स्विच चालतील, पण न्यूट्रलवाले हवेत. न्यूट्रल नसलेले बहुतेक स्विच निरोप पुढे नेत नाहीत. आपल्या बोर्डांत सॉकेट सोबत असतो, त्यामुळे न्यूट्रल बहुधा असतोच.

अनघा_बावधन

खडूच्या खुणा झाल्या. हॉलमध्ये टीव्हीमागचा एक, स्वयंपाकघरात पाण्याच्या फिल्टरचा, प्रत्येक बेडरूममध्ये पलंगाशेजारचा एक. ड्राय बाल्कनीत एकही नाही. पॅसेजमध्ये लॅनची नळी आहे, वायर ओढून घेतली.

म्हणजे पॅसेजमध्ये को-ऑर्डिनेटर, आणि स्वयंपाकघर, मास्टर बेडरूम, मुलीची खोली, हॉल असे चार रिपीटर? तिसरी बेडरूम पॅसेजला लागूनच आहे.

रेडिओ_मंदार

चार पुरेत. स्वयंपाकघरातला ड्राय बाल्कनीच्या दाराकडे तोंड करून येईल असा बघा, कारण बाल्कनीच्या दोन सेन्सरना तोच पालक लागेल.

आता क्रम. हा फार जण उलटा करतात. आधी को-ऑर्डिनेटर, मग चारही रिपीटर त्यांच्या कायमच्या जागी, मग एक रात्र जाऊ द्या. सेन्सर त्यानंतर. आणि सेन्सर जोडताना झेड2एममध्ये, म्हणजे पीसीवर झिगबीचं जाळं सांभाळणाऱ्या झिगबी2एमक्यूटीटी प्रोग्राममध्ये, सगळ्यांसाठी दार उघडू नका. ज्या रिपीटरखाली तो हवा आहे तोच निवडून जोडणी चालू करा, आणि सेन्सर त्याच्या जागेवर धरून जोडा. काही ब्रँडचे सेन्सर पहिल्या पालकाला चिकटतात, जवळ चांगला रिपीटर आला तरी बदलत नाहीत.

चॅनेलही आत्ताच ठरवा. झेड2एम मूळचा 11 वर येतो, आणि तो वाय-फायच्या 1 खाली दबतो. वाय-फाय 1, 6, 11 वापरत असेल तर झिगबीला 15, 20 आणि 25 या फटी उरतात. शेजाऱ्यांचा बहुतेक गर्दा 1 ते 11 मध्ये असतो म्हणून मी 25 घेतो:

```yaml
advanced:
  channel: 25
```

नंतर बदललं तर काही सेन्सर मागे येतात, काही पुन्हा जोडावे लागतात. स्वतःच्या राउटरवर 2.4 ची रुंदी 20 मेगाहर्ट्झ ठेवा, 40 नको.

शर्वरी_डी

25 ऐवजी 26 का नाही? तो आणखी वर आहे.

रेडिओ_मंदार

काही उपकरणं 26 वर कमी पॉवरने बोलतात, काही त्यावर जोडलीच जात नाहीत. बाकी सगळं जमत असताना मी ती जोखीम घेत नाही.

केबलकाका_सहकारनगर

मंदारराव, समजलं. आमच्या खिडक्या ॲल्युमिनियमच्या सरकत्या आहेत, जाळीसकट तीन ट्रॅक. त्यावर हे चिकटेल का?

रेडिओ_मंदार

काका, चिकटेल, पण धातूला टेकलं की अँटेना बिथरतो. लोहचुंबकाचा छोटा तुकडा ॲल्युमिनियमवर लावा आणि सेन्सरचं धड बाजूच्या भिंतीवर किंवा लाकडी चौकटीवर. तसं जमत नसेल तर धडाखाली 4-5 मिलिमीटर जाड फोमची दुहेरी टेप द्या. एवढ्या फटीनेही फरक पडतो. जाळीचा पल्ला सरकवताना धडाला घासत नाही ना, ते आधी हाताने सरकवून बघा.

अनघा_बावधन

सगळं लागलं. 24 पैकी 22 व्यवस्थित आहेत. दोघं त्रास देतात. एक मास्टर बाथरूमच्या बेसिनखालचा गळतीचा सेन्सर. तो मधेच ऑफलाइन दिसतो, पण स्क्रीनवर त्याची लिंक क्वालिटी 140 आहे, म्हणजे चांगली. दुसरा मुलीच्या खोलीतला खिडकीचा. तो दिवसा ठीक, रात्री 8 नंतर उघडलं-मिटलं तरी कधी कळतं, कधी नाही.

रेडिओ_मंदार

140 वर जाऊ नका. सेन्सर रिपीटरमार्फत बोलत असेल तर तो आकडा बहुधा शेवटच्या टप्प्याचा असतो, म्हणजे रिपीटर ते को-ऑर्डिनेटर. सेन्सर ते रिपीटर हा टप्पा त्यात दिसत नाही. झेड2एमचा नकाशा काढा आणि बेसिनवाल्याची रेष कुणाकडे जाते ते बघा.

आणि 'ऑफलाइन' हा शब्दही जपून वाचा. बॅटरीचा सेन्सर मूळ सेटिंगमध्ये 25 तास गप्प राहिला की मगच तसं दाखवतात. म्हणजे तो खरोखर दिवसभर गायब होता.

अनघा_बावधन

नकाशा काढला. बेसिनवाल्याची रेष स्वयंपाकघरातल्या रिपीटरकडे जाते! मधे दोन भिंती आणि बेसिनखालचं कपाट. मास्टर बेडरूमचा रिपीटर चार पावलांवर आहे.

रेडिओ_मंदार

मग तो स्वयंपाकघराच्या बाजूला हातात असताना जोडला गेला असणार. काढा, मास्टर बेडरूमचा रिपीटर निवडून पुन्हा जोडा, आणि जोडताना सेन्सर कपाटाच्या आत ठेवून दार लावून घ्या. तिथून जोडला गेला तर राहील.

मुलीच्या खोलीचं वेगळं आहे. अंतराचा दोष दिवस-रात्र सारखा असतो, आणि दार लावलं की वाढतो. ठरावीक वेळीच होत असेल तर गोंगाट. वाय-फाय ॲनालायझरचं ॲप घेऊन रात्री 9 ला त्या खिडकीशी उभ्या राहा.

अनघा_बावधन

बेसिनवाला पुन्हा जोडल्यापासून नियमित बोलतोय. ॲपमध्ये त्या खिडकीशी शेजारच्या फ्लॅटचं एक नेटवर्क फार जोरात दिसतं, चॅनेल 13.

रेडिओ_मंदार

सापडलं. आपल्याकडे वाय-फायला 13 पर्यंत परवानगी आहे. 13 चा मध्य 2,472 मेगाहर्ट्झ, पसारा साधारण 2,461 ते 2,483. तुमचा झिगबी 25 म्हणजे 2,475, बरोबर त्याच्या पोटात. रात्री ते घरी येऊन काही बघायला बसले की तुमची खिडकी बहिरी होते.

शर्वरी_डी

मग चॅनेल 20 वर जावं. एका सेन्सरसाठी नाही, तर उद्या तो शेजारी राउटर हॉलकडे सरकवेल म्हणून.

रेडिओ_मंदार

माझं मत वेगळं आहे. 24 पैकी 23 ठीक असताना अख्खं जाळं हलवायचं नाही. रिपीटर पलंगाशेजारून काढून खिडकीच्या बाजूच्या बोर्डावर न्या. सेन्सरचा आवाज जवळून आला की गोंगाटावर मात होते. तिथला सॉकेट इन्व्हर्टरवर आहे का हा प्रश्न आहे.

शर्वरी_डी

सेन्सर निरोप पाठवण्याआधी हवा मोकळी आहे का ते ऐकतो. शेजारचं वाय-फाय सतत बोलत असेल तर त्याला पाळीच मिळणार नाही, रिपीटर कितीही जवळ आणा.

रेडिओ_मंदार

तेही घडतं, नाकारत नाही. सलग व्हिडिओ चालू असला तरी वाय-फाय प्रत्येक क्षण व्यापत नाही, आणि सेन्सर पुन्हा प्रयत्न करतो, म्हणून मी आधी स्वस्त उपाय सांगतो. चुकलं तर चॅनेल आहेच.

स्वप्नील_वाकड

शेजाऱ्यांना सांगून राउटर 11 वर आणायला लावलं तर? आमच्या मजल्यावर दोघांनी ऐकलं होतं.

अनघा_बावधन

खिडकीच्या बाजूचा सॉकेट इन्व्हर्टरवर नाही. पलंगाशेजारचा बोर्ड आणि ती भिंत काटकोनात आहेत. इलेक्ट्रिशियन शनिवारी पंखा बदलायला येणार आहे, त्याच्याकडून पंख्याच्या बोर्डातून तिथे एक 6 अँपचा पॉइंट काढून घेते. शेजाऱ्यांशीही बोलते. दोन्हीपैकी एकच आधी करते, नाहीतर कशाने फरक पडला ते कळणार नाही. रिपीटर आधी हलवते आणि रात्रीचं इथे लिहिते.

ईएसपीप्रेमी

लिहाच. मीही खिडक्यांसाठी आता झिगबीच बघतोय, पण गच्चीतल्या कुंड्या वाय-फायवरच ठेवणार. तिथवर रिपीटरला इन्व्हर्टरचा सॉकेट नाही.